एक बाण, दोन बाण: फॉरवर्डची खूण काय सांगते आणि अफवेचा वेग कसा कमी होतो

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मेसेजच्या माथ्यावर कधी एक वळलेला बाण आणि Forwarded असा शब्द दिसतो, तर कधी दोन बाण आणि Forwarded many times. रोज इतक्या वेळा दिसतात की डोळ्यांना त्यांची सवय होते आणि मेसेज वाचताना आपण त्यांच्याकडे बघतही नाही. पण ही खूण वाचता आली तर समोर आलेला मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलाय की नाही, तो किती हातांतून आला असावा आणि पुढे पाठवताना अ‍ॅप कुठे अडवणार, हे सगळं एका नजरेत कळतं. मजकूर खरा आहे का, एवढं मात्र ती सांगत नाही. तो शोध आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि त्याची पद्धत लेखाच्या उत्तरार्धात दिली आहे. आधी खूण कशी चालते ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय ती फसवते कुठे हे लक्षात येत नाही.

राईनपाडा आणि 2018 चा जुलै

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात आधीच फिरत होती. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं.

त्या उन्हाळ्यात देशाच्या वेगवेगळ्या राज्यांत अशाच अफवेवरून माणसं मारली गेली. एक व्हिडिओ तेव्हा खूप फिरला: मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मुळात तो पाकिस्तानातल्या कराचीत बालकांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओतून नेमका हा शेवट कापलेला होता. पाहणाऱ्याला तो कुठला, कधीचा, कोणी काढला, काहीच कळायला मार्ग नव्हता. तो आला होता ओळखीच्या माणसाकडून, त्यामुळे त्याच ओळखीच्या माणसाने कुठेतरी पाहून टाकलाय असं वाटायचं.

अफवेचं बळ इथेच आहे. मामींनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर आपण मामींचा म्हणून वाचतो. त्यांच्यावरचा विश्वास नकळत त्या मजकुराला मिळतो, मग तो त्यांच्यापर्यंत दहा अनोळखी हातांतून का आलेला असेना. 10 जुलै 2018 ला व्हॉट्सअ‍ॅपने Forwarded ही खूण सगळीकडे आणली ती हा गैरसमज तोडण्यासाठी. तिची तयारी आधीपासून चालू होती, पण भारतातल्या त्या घटनांनंतर आणि केंद्र सरकारने कंपनीला खडसावल्यानंतर पुढची पावलं वेगाने पडली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅट अशी मर्यादा आली. जगात इतरत्र ती वीस ठेवली होती. फोटो-व्हिडिओच्या शेजारी असणारं झटपट फॉरवर्डचं बटणही भारतात काढून टाकलं. जानेवारी 2019 मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. ऑगस्ट 2019 मध्ये दोन बाण आले. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत घरगुती उपायांच्या आणि खोट्या बातम्यांच्या मेसेजचा पूर आला तेव्हा, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं बंधन आलं.

बाण नेमकं काय मोजतो

बहुतेकांचा समज असा असतो की दोन बाण म्हणजे हा मेसेज जगात हजारो लोकांनी फॉरवर्ड केलाय. तसं नाही. अ‍ॅप एकूण फॉरवर्ड मोजत नाही, साखळीची लांबी मोजतं. तुमच्या हातात आलेली ही विशिष्ट प्रत मूळ लिहिणाऱ्यापासून किती पायऱ्या चालून आली, एवढाच तो आकडा.

उदाहरण घेऊ. गावातल्या एकाने स्वतः टाइप करून मेसेज लिहिला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला. इथे खूण नाही, आकडा शून्य. ग्रुपमधल्या एका मित्राने तो भावाला फॉरवर्ड केला: आकडा एक, एक बाण. भावाने कंपनीतल्या ग्रुपला दिला: दोन. तिथून कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर: तीन. मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर: चार. पाचव्या वेळी तो पुढे गेला की त्याच्यावर दोन बाण येतात.

आता याची दुसरी बाजू पाहा. मूळ मेसेज ज्या ग्रुपवर पडला तिथल्या शंभर जणांनी तो एकेकदा पुढे पाठवला, तरी त्या शंभरही प्रतींवर आकडा एकच राहील आणि एकच बाण दिसेल. उलट, फक्त पाच माणसांच्या साखळीतून हळूच आलेल्या घरगुती विनोदावरही दोन बाण दिसू शकतात. म्हणून एक बाण पाहून ‘हे अजून फार पसरलेलं नाही’ असं समजू नये. दोन बाणांचा खात्रीने घेता येणारा अर्थ एवढाच: मूळ माणूस तुमच्यापासून निदान पाच फॉरवर्ड लांब आहे. म्हणजे तुम्हाला मेसेज देणाऱ्यालाही त्याचा उगम माहीत असण्याची शक्यता जवळजवळ नाही. चौकशीसाठी ही माहिती फार कामाची आहे.

हा आकडा कुठल्या कार्यालयात मोजला जात नाही. तो मेसेजच्या आतच बसलेला असतो. तुम्ही फॉरवर्ड दाबलं की तुमच्या फोनमधलं अ‍ॅप त्यात एक मिळवतं आणि मेसेजसकट त्यालाही कुलूपबंद करून पाठवतं. मेसेज दोन टोकांमध्ये कूटबद्ध असल्यामुळे कंपनीला ना मजकूर दिसतो, ना आकडा. तुम्ही स्वतः लिहिलेला मेसेज स्वतःच दुसरीकडे फॉरवर्ड केला तर खूण लागत नाही, कारण खुणेचा अर्थच ‘हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही’ असा आहे.

खुणेवर मूळ लेखकाचं नाव का नसतं, असं अनेकजण विचारतात. नाव दिसलं तर अफवा उठवणारा सापडेल हे खरं. पण मग आजाराबद्दल, घरच्या भांडणाबद्दल, साहेबाच्या त्रासाबद्दल विश्वासाने लिहिलेला प्रत्येक मेसेज लिहिणाऱ्याच्या नावासह अनोळखी फोनांवर फिरेल. भारत सरकारच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मूळ पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. माझं मत विचाराल तर नावाशिवाय नुसतं अंतर सांगणारी खूण हा शहाणा मध्यममार्ग आहे. वाचणाऱ्याला सावध करायला तेवढं पुरतं, आणि कोणाचं खासगी बोलणं उघड्यावर येत नाही.

मर्यादा कशा चालतात

मेसेजवर बोट दाबून धरा, वरच्या किंवा खालच्या पट्टीतला उजवीकडे वळलेला बाण दाबा, की चॅटची यादी उघडते. इथे अ‍ॅप मेसेजचा आकडा पाहून किती नावं निवडू द्यायची ते ठरवतं.

कोणतीही खूण नसलेला, म्हणजे मूळ मेसेज असेल तर एका वेळी पाच चॅट निवडता येतात. ते पाचही ग्रुप असले तरी चालतात. एक बाण असेल तर चॅट पाचच, पण त्यांत ग्रुप जास्तीत जास्त एक. ही अट 2022 मध्ये आली. दोन बाण असतील तर फक्त एक चॅट, मग ती व्यक्ती असो वा ग्रुप.

‘एका वेळी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. दिवसाला इतकेच फॉरवर्ड, असं बंधन नाही. दोन बाणांचा मेसेज तीस ग्रुपांना पाठवायचा असेल तर पाठवता येतो, पण तीस वेळा तेच सगळं करून: दाबून धरा, बाण, यादी, ग्रुप शोधा, पाठवा. दर खेपेला दहा सेकंद धरले तरी पाच मिनिटं जातात. पूर्वी तीसही ग्रुपांवर टिचक्या मारून एकदाच पाठवलं की झालं. ज्याला मुद्दाम पसरवायचंय तो पाच मिनिटं देईल. पण अफवा पसरवणाऱ्यांत बहुसंख्य माणसं काळजीपोटी, ‘असू दे, सगळ्यांना कळू दे’ म्हणून पाठवणारी असतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपानंतर थांबतात. मर्यादेचा खरा परिणाम या माणसांवर होतो.

एका अफवेचा हिशोब

हिशोब सोपा व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. एका ग्रुपमध्ये 200 माणसं आहेत आणि असा मेसेज वाचणाऱ्या दर शंभरातला एक तो पुढे पाठवतो. खरे आकडे ग्रुपगणिक बदलतील, पण गणिताची चाल हीच राहील.

प्रत्येक पाठवणारा पाच ग्रुपांना पाठवतो असं धरलं तर एका माणसाकडून मेसेज 1000 जणांना जातो. त्यातले दहा तो पुढे पाठवतात. पुढच्या पायरीला शंभर पाठवणारे, मग हजार. सहाव्या पायरीला पाठवणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर जाते. ग्रुपांत तीच तीच माणसं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढी होणार नाही, पण आग कशी भडकते ते यावरून कळतं.

आता प्रत्येकजण एकाच ग्रुपला पाठवतो असं धरा. एका माणसाकडून 200 जणांना, त्यातले दोन पुढे पाठवणार. मग चार, आठ, सोळा. सहाव्या पायरीला चौसष्ट. दहा लाख आणि चौसष्ट, यात फरक फक्त एका वेळी निवडता येणाऱ्या ग्रुपांचा आहे.

आणखी एक पाऊल टाकू. लोक जरा सावध झाले आणि शंभरात एकाऐवजी दोनशेत एकानेच पुढे पाठवलं, तर एका ग्रुपच्या मर्यादेत एका माणसामागे पुढे पाठवणारा एकच उरतो. अफवा वाढत नाही, कशीबशी तग धरते. दोनशेत एकाहून कमी झाले की ती विझते. पाच ग्रुपांच्या जगात तीच सावधगिरी दहाच्या जागी पाच पाठवणारे उरवते, म्हणजे आग भडकतेच. माणसांची थोडीशी सावधगिरी आणि अ‍ॅपची मर्यादा एकत्र आल्या की एकमेकींचं बळ वाढवतात, ते असं.

दोन बाणांवर एका चॅटचं बंधन घातल्यावर अशा मेसेजचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने 2020 मध्ये सांगितलं. त्याआधी पाच चॅटच्या मर्यादेमुळे एकूण फॉरवर्ड 25 टक्क्यांनी कमी झाल्याचंही तिने जाहीर केलं होतं. हे कंपनीचेच आकडे आहेत, आणि साखळी तोडून नव्याने टाकलेले मेसेज त्यात मोजले जाऊच शकत नाहीत, हे वाचताना लक्षात ठेवावं. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस संघीय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपांच्या माहितीवरून या मर्यादांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की मर्यादेमुळे प्रसाराला चांगलाच उशीर होतो, पण मजकूर फारच चटकदार असेल तर तो पसरायचा थांबत नाही.

उशिराचं मोल कमी समजू नये. बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला उठलेली अफवा बारा वाजता दहा गावांत पोचली तर पोलिसांना काहीच करता येत नाही. तीच संध्याकाळी सहाला पोचली तर मधल्या वेळात पोलीस ठाण्याचा खुलासा येतो, सरपंच फोन करतात, बाजार उठतो, अनोळखी माणसं सुखरूप घरी गेलेली असतात.

याची मर्यादाही आपण डोळ्यांसमोर पाहिली आहे. एका चॅटचं बंधन एप्रिल 2020 च्या पहिल्या आठवड्यात आलं, आणि 16 एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हाती मारले गेले. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत, अशी अफवा टाळेबंदीच्या त्या दिवसांत तिथल्या पाड्यांवर होती. अफवा गावात शिरली की ती तोंडातोंडी चालते. तिथे बाण मोजायला कोणी नसतो.

खूण पुसली जाते कुठे

फॉरवर्डचं बटण न वापरता मेसेज पुढे गेला की आकडा शून्यावर येतो. मजकूर कॉपी करून नव्या चॅटमध्ये चिकटवला, व्हिडिओ गॅलरीत उतरवून तिथून पाठवला, स्क्रीनशॉट काढून टाकला, की अ‍ॅपच्या लेखी तो तुमचा स्वतःचा, कोरा मेसेज. त्याला पुन्हा पाच ग्रुपांची मोकळीक मिळते. काही लोक व्हॉट्सअ‍ॅपची बदललेली, अनधिकृत अ‍ॅप वापरतात, त्यांतही खूण गाळली जाते. म्हणून बाण असला तर त्याचा अर्थ पक्का धरता येतो, पण बाण नसला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तरी पुसलेल्या खुणेचे माग उरतात. व्हिडिओ किंवा फोटो गॅलरीतून पुन्हा पाठवला जातो तेव्हा अ‍ॅप तो दर खेपेला आणखी दाबून लहान करतं. त्यामुळे बाण नसलेला, पण चेहरे ओळखू येत नाहीत इतका धूसर झालेला व्हिडिओ अनेक फोनांतून फिरून आला असण्याची शक्यता मोठी असते. कडेला दुसऱ्या अ‍ॅपची अर्धी कापलेली खूण, वर फोनच्या घड्याळाची पट्टी, फोटोभोवती काळी चौकट, हे सगळे स्क्रीनशॉटचे अवशेष. कॉपी केलेल्या मजकुरात ‘आत्ताच माझ्या मित्राने सांगितलं’ असं असतं, पण मित्र कोण हे पाठवणाऱ्याला विचारलं की त्याला सांगता येत नाही. आणि फॉरवर्ड केलेला मोठा व्हिडिओ क्षणात जातो, कारण फाइल पुन्हा चढवावी लागत नाही. ती गॅलरीतून टाकली तर बराच वेळ गोल फिरत राहतं. आळशी बोट फॉरवर्डकडेच वळतं, म्हणून मर्यादा पळवाटा असूनही चालते.

सगळ्यात फसवी जागा वेगळीच आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. बाण प्रत्येक मेसेजचा स्वतंत्र असतो. कोणी दोन बाणांचा व्हिडिओ पाठवला आणि त्याखाली स्वतः टाइप केलं, ‘आपल्या तालुक्यात आज सकाळी घडलं, सावध राहा’, तर व्हिडिओवर दोन बाण असतील, पण त्या ओळीवर काहीच नसेल. व्हिडिओ खरा असतो, फक्त दुसऱ्या देशातला आणि काही वर्षांपूर्वीचा. खोटी असते ती ओळ. वाचणारा दोन्ही एकच समजतो. ‘पाच हात लांबून आलेला व्हिडिओ आपल्या तालुक्यातला हे याला कोणी सांगितलं?’ एवढा एकच प्रश्न विचारला तर अशा बहुतेक मेसेजचा निकाल लागतो.

हातात आलेल्या मेसेजचं काय करायचं

समजा, दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला: बाजारात दोन बायकांना लोक मारताहेत. दोन बाण. खाली ओळ: ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात पकडली, सगळ्या ग्रुपवर टाका.’

पहिल्यांदा खुणा वेगळ्या करा. व्हिडिओवर दोन बाण आहेत, म्हणजे तो टाकणाऱ्या शेजाऱ्याने काढलेला नाही. ओळीवर बाण आहे का पाहा. नसेल तर ती शेजाऱ्याने लिहिली आहे किंवा कुठूनतरी चिकटवली आहे. त्यांना ग्रुपवर न विचारता खासगीत विचारा: ‘काका, ही ओळ तुम्ही लिहिलीत का? तुम्हाला व्हिडिओ कोणाकडून आला?’ खासगीत विचारणं महत्त्वाचं, कारण चारचौघांत विचारलं की माणूस आपली बाजू लावून धरतो. खासगीत विचारलं तर बहुतेकजण सरळ सांगतात, ‘मेहुण्याने पाठवला, मला माहीत नाही.’

मग व्हिडिओचा आवाज ऐका. लोक कोणती भाषा बोलताहेत? दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांचे क्रमांक MH ने सुरू होतात का? ‘आपल्या तालुक्यातल्या’ व्हिडिओत एकही माणूस मराठी बोलत नसेल, तर उत्तर मिळालंच. तरी शंका राहिली तर चेहरे किंवा इमारत स्पष्ट दिसेल अशा जागी व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुना व्हिडिओ असेल तर बहुधा आधीची बातमी किंवा आधीचं खंडन समोर येतं. पहिल्या चित्रात काही सापडलं नाही तर दुसऱ्या क्षणाचं चित्र टाकून बघा. नुकतंच पसरायला लागलेलं, कुठेच न छापलेलं काही असेल तर लेन्स काहीच दाखवणार नाही. काही न सापडणं म्हणजे खरं असणं नव्हे.

शेवटचा आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग फोनचा. जागेचं नाव घेतलं असेल तर तिथल्या पोलीस ठाण्यात किंवा तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी खरी असेल तर ठाण्याला ती ग्रुपच्या आधी कळलेली असते. एखाद्या माणसाला जमाव घेरतोय असं तुम्हाला आत्ता दिसत असेल, तर व्हिडिओ तपासत बसू नका, 112 ला फोन करा.

हे सगळं होईपर्यंत मेसेज पुढे पाठवायचा नाही. ‘खरं आहे का हे?’ असं विचारत दुसऱ्या ग्रुपवर टाकणं हेही पाठवणंच आहे. अ‍ॅपच्या आकड्यात त्यानेही एक वाढतो, आणि तिथून पुढे तो प्रश्न गळून व्हिडिओच जातो. विचारायचंच असेल तर एकाच जाणकार माणसाला विचारा.

अ‍ॅडमिनच्या हातात काय आहे

ग्रुपचा अ‍ॅडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकू शकतो. मेसेज दाबून धरायचा आणि काढण्याच्या पर्यायात सगळ्यांसाठी काढा हे निवडायचं. त्याआधी मेसेज, पाठवण्याची वेळ आणि बाण दिसतील असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, कारण प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर तो लागतो. मेसेज काढल्याने तुमच्या ग्रुपातला मूळ मेसेज जातो. तिथून आधीच फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढण्याला जितका अर्थ आहे तितका रात्री काढण्याला नाही.

गावात वातावरण तापलेलं असेल, निवडणूक असेल, एखादी घटना घडलेली असेल, तेव्हा ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील असं काही काळ करता येतं. हा उपाय तात्पुरताच ठेवावा. फार दिवस बंद ठेवलेल्या ग्रुपातली माणसं दुसरा ग्रुप काढतात, आणि तिथे तुम्ही नसता.

स्वतःच्या हातून चुकीचं काही पाठवलं गेलं असेल तर तेही सगळ्यांसाठी काढता येतं, साधारण अडीच दिवसांच्या आत. पण नुसतं काढून भागत नाही. ‘काढलेला’ मेसेज पाहून लोक तर्क करतात. ‘मी दुपारी टाकलेला व्हिडिओ जुना आणि दुसरीकडचा आहे, ठाण्यात विचारलं, इथे असं काही झालेलं नाही’, असं स्वच्छ लिहिलं पाहिजे.

खंडन पाठवताना

खऱ्या माहितीलाही हेच बाण लागतात. पोलिसांचा खुलासा पाच हातांतून गेला की त्याच्यावरही दोन बाण येतात आणि तोही एका वेळी एकाच चॅटला जातो. अ‍ॅपला खरं-खोटं कळत नाही. म्हणून खुलासा फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने लिहिलेला चांगला. तो पाच ग्रुपांना एकदम पाठवता येतो आणि लोक तुमच्या शब्दावर तो वाचतात. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणाला विचारलं, कधी विचारलं आणि काय कळलं. ‘आज दुपारी तीनला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन केला. मुलं पळवल्याची एकही तक्रार आलेली नाही. फिरणारा व्हिडिओ इथला नाही.’ पोलिसांच्या अधिकृत पानावर खुलासा असेल तर त्याची लिंक खाली द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला मुळापर्यंत जाता येतं.

खंडनात खोटा व्हिडिओ पुन्हा जोडू नये, त्यावर मोठी लाल फुली मारलेली असली तरी. फुली कापता येते, आणि पुढच्या ग्रुपला फक्त व्हिडिओ जातो. खोट्या दाव्याचं वर्णन एका वाक्यात करावं, ज्या ग्रुपांवर अफवा पोचली आहे तिथेच खंडन टाकावं. जिथे ती पोचलेलीच नाही तिथे खंडनामुळेच तिची पहिली ओळख व्हायची.